तीन मेपर्यंत

चि. निखिल यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. युगांडाच्या साखर कारखान्यातलं काम, पगार, मिळालेली खोली, सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "गोळ्याही दिल्यात त्याला. परत आल्यावर सातच दिवस घ्यायच्या." मी दोनदा विचारलं. सातच, असं तिला तूच सांगितलंयस. रात्रभर मला झोप नाही.

सात दिवस कुणाचे, ते मला ठाऊक आहे. तुझ्याबरोबर येणारा तो इलेक्ट्रिशियन ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेणार असेल, त्याला सात दिवस पुरतात. तुला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलंय, शंभर मिलिग्रॅम, रोज एक. तिला चार आठवडे लागतात.

कारण नीट वाच. डास चावला की मलेरियाचे जंतू थेट रक्तात वाढत नाहीत, आधी यकृतात जाऊन बसतात. आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, ते तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. इलेक्ट्रिशियनची गोळी त्यांना यकृतातच गाठते. तुझ्या गोळीचा यकृतात तसा भरवसा नाही. ती रक्तात उतरलेल्यांना मारते. म्हणजे निघायच्या संध्याकाळी एंटेबेच्या विमानतळावर डास चावला, तर ते जंतू तू सांगलीत पोचून आईच्या हातचं जेवत असताना रक्तात येणार. तेव्हा गोळी बंद असेल तर त्यांना अडवायला कोण?

आमच्या वॉर्डात असाच एक मुलगा आला होता, आफ्रिकेतून परतलेला. घरी पोचल्यावर त्यानं गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या आठवड्यात ताप आला. बाहेर डेंग्यूची साथ होती, म्हणून डेंग्यूचेच उपचार झाले. तो कुठून आलाय ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आमच्याकडे आणला तेव्हा त्याला आईची ओळख पटत नव्हती. फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत पोचला होता. वाचला तो, पण ती माऊली रात्रभर कॉटच्या दांड्याला धरून उभी होती, ते अजून डोळ्यांपुढे येतं.

म्हणून तारखा लिहून देते. तू 10 जानेवारीला निघणार, तर पहिली गोळी 8 ला. तिथे असेपर्यंत रोज. 5 एप्रिलला तिथून निघालास की 3 मेपर्यंत. सात दिवस नाही, निखिल, 3 मे. एकूण 116 गोळ्या होतात, 120 घे आणि सगळ्या इथूनच ने. त्या हातातल्या बॅगेत असू देत.

ताई म्हणत होती, आपल्याकडची क्लोरोक्विन बरी, आठवड्यातून एकदाच. तिकडच्या फाल्सिपॅरमवर ती चालत नाही. आठवड्याची मेफ्लोक्विन चालते, पण ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. डोकं गरगरतं का, मन बिघडतं का, ते घरी असतानाच कळावं म्हणून. तुला बॉयलरच्या शिड्यांवर चढायचंय, म्हणून डॉक्टरांनी ती टाळली, ते बरंच केलं.

गोळी न्याहारीनंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. ॲसिडिटीचं औषध किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत नको. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घे, पण दुसऱ्या दिवशी दोन नकोत. या गोळीनं उन्हात कातडी भाजते, तेव्हा उसाच्या यार्डात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी. तिथले लोक गोळ्या घेत नाहीत म्हणून तू सोडू नकोस. लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया सोसून त्यांच्यात थोडी ताकद आलेली असते, तुझ्यात ती नाही. आणि गोळ्या घेऊनही मच्छरदाणी हवीच.

एवढं करूनही ताप आलाच, तिथे किंवा परतल्यावर वर्षभरात कधीही, तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घे. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांग, युगांडाहून आलोय.

फार रागावले का रे? तुझ्या वयाची असताना मलाही टांझानियातल्या एका दवाखान्यात नोकरी आली होती. बाबांनी पाठवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. ती हुरहुर अजून आहे. म्हणून तू जातोयस याचा आनंद मला ताईपेक्षाही जास्त झालाय, हे तिला सांगू नकोस. तिथला व्हिक्टोरिया तलाव बघ, फोटो पाठव. मच्छरदाणी मी आणून ठेवली आहे, शिवाय लसणाची चटणी करतेय. निघायच्या आधी एक दिवस इकडे मुक्कामाला ये, तुला डोळे भरून पाहायचंय.

तुझी,
मावशी