मॅडमचा ok

१. राग एका शब्दात मावत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. आमचं ऑफिस बेलापूरला, काम निर्यातीच्या कागदपत्रांचं. न्हावा शेवाला कंटेनर वेळेत पोहोचला नाही की आवाज चढतोच. पण मॅडम खरंच चिडल्या की त्यांचे मेसेज वाढत जातात. ‘का?’, ‘कोणी सांगितलं?’, ‘कॉल करा.’ चिडलेल्या माणसाला जाब हवा असतो, आणि ok पाठवून कुणाला जाब विचारता येत नाही. आज हे शहाणपणानं सांगतोय. पूर्वी मॅडमचा नुसता ok वाचून बेलापूरला लोकलमध्ये बसलो की सीवूड्सपर्यंत त्या नाराज झालेल्या असायच्या, नेरुळला माझी पगारवाढ गेलेली असायची आणि जुईनगर येईतो राजीनाम्याचा पहिला परिच्छेद तयार. सानपाड्याला उतरून भाजी घ्यायची असायची, म्हणून नोकरी टिकली.

२. ok, Ok आणि Ok. यांत मी छटा शोधायचो, त्या बहुतेक मॅडमच्या नव्हत्याच, कीबोर्डच्या होत्या. फोन वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडून लिहिलं तर ते सहसा लहानच राहतं. म्हणजे Ok आला तर मॅडम फोनवर, ok आला तर टेबलाशी, इतकाच काय तो अर्थ. पूर्णविरामाचंही तसंच. बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की तो आपला आपण पडतो. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला होता. मेसेजमधल्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर त्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक दिसला नाही. पण ती सगळी कॉलेजची पोरं. आमच्या मॅडम टाइपरायटरवर शिकलेल्या, पूर्णविराम राहिला तर त्यांनाच चैन पडत नाही.

३. ok कळला नाही, तर मी आधी माझाच मेसेज पुन्हा वाचतो. तिथं बहुतेक वेळा गाठ सापडते. एका संध्याकाळी तळोज्याहून निघालेली गाडी कळंबोली सर्कलला अडकली. मी लिहिलं : ‘मॅडम, गाडी ट्रॅफिकमध्ये आहे. कट-ऑफ हुकेल असं दिसतंय. कंटेनर पुढच्या जहाजावर टाकावा लागेल, शिपिंग लाइन जादा चार्ज लावेल. पार्टीला मी कळवू की तुम्ही बोलाल?’ उत्तर आलं, ok. आता ‘हे की ते’ याला ‘ठीक आहे’ हे उत्तरच होत नाही. नाराजीची गोष्ट बाजूला राहू दे, मेसेज शेवटपर्यंत वाचला गेलाय का, हीच शंका. आणि अशा वेळी नाराजीपेक्षा ही शंका महागात पडणारी. मी म्हणणार ‘मॅडमनी हो म्हटलं’, मॅडम म्हणणार ‘मला विचारलंच नाही’, आणि चार्जाचं बिल दोघांच्या मधोमध.

‘मॅडम, रागावलात का?’ असं विचारण्याची ऊर्मी मी गिळली. या प्रश्नानं न आलेला रागसुद्धा येतो. त्याऐवजी लिहिलं : ‘पार्टीला मी साडेसहाला चार्जसकट कळवतो. तुम्ही बोलणार असाल तर त्याआधी सांगा.’ सहा वीसला उत्तर : ‘थांबा, मी बोलते.’ जवाहर कस्टम हाउसमध्ये लिफ्टची वाट बघताना त्यांनी फक्त वर दिसणारी ओळ वाचली होती, गाडी ट्रॅफिकमध्ये आहे एवढीच. त्याला ok हे अगदी योग्य उत्तर होतं. तेव्हापासून ज्यावर निर्णय हवा ती ओळ मी पहिली लिहितो, आणि एका मेसेजात एकच प्रश्न.

४. रात्री साडेदहानंतरच्या ok चा अर्थ लावू नये. त्यात झोपेशिवाय काही नसतं.

५. तरी कधी कधी खरंच काहीतरी बिनसलेलं असतं, हेही मान्य करायला हवं. मग मी त्या माणसाची रोजची रीत बघतो. आमच्या मॅडम सुट्ट्यांच्या यादीलाही ok म्हणतात आणि शिपायाच्या लग्नाच्या निमंत्रणालाही. अशा माणसाच्या ok वर मी इतकी वर्षं संशोधन केलं! पण एरवी दोन ओळी लिहिणारं माणूस आठवडाभर इतरांना दोन ओळी आणि आपल्याला एक शब्द देऊ लागलं, किंवा आपलं काम न सांगता दुसऱ्याकडे जाऊ लागलं, तर विचारावं. तेही समोर जाऊन, आणि कामाबद्दल.

माझी एक फाइल अशीच न सांगता शेजारच्या टेबलावर गेली. दोन दिवस धीर गोळा करून मी केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, ‘मॅडम, त्या फाइलीत माझं काही राहिलं होतं का?’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘त्या पार्टीला गुजराती बोलणारं माणूस हवं होतं. तुम्हाला येतं?’