लिफ्टवाल्याला ‘नाही’ म्हणायचे, पण दार उघडे ठेवायचे

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. लिफ्टच्या देखभालीचा करार ३१ मार्चपर्यंत एका कंपनीकडे आहे. ऑगस्टपासून दुसऱ्या कंपनीचा प्रतिनिधी मागे लागला आहे. माणूस सज्जन आहे, दरही बरे वाटतात. मी दर वेळी ‘कमिटीत बोलून कळवतो’ म्हणतो, तरी दोन दिवसांनी फोन येतोच. स्पष्ट नकार दिला तर पुढच्या वर्षी गरज पडेल तेव्हा तो येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल. उलट आज जे चालले आहे तेच चालू राहिले, तर मार्चपर्यंत तुम्ही त्याचा फोन घेणेच बंद कराल.

‘कळवतो’ हा तुमच्या लेखी नकार असला, तरी त्याच्या वहीत ते गिऱ्हाईक ‘चालू’ म्हणून राहते. महिनाअखेरीस साहेब विचारतो, ‘त्या सोसायटीचं काय झालं?’ मग फोन करणे त्याला भागच पडते. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर तो दुखावेल, हा समज सोडा. विक्री करणाऱ्याला रोज नकार ऐकावे लागतात. त्याचा जीव खातो तो अधांतरी लटकलेला होकार.

दुसरी चूक कारणाची होते. ‘बजेट नाही’ म्हणालात की तो दर उतरवतो. ‘अध्यक्षांना पटत नाही’ म्हणालात की संध्याकाळी तो अध्यक्षांच्या दारात उभा असतो. ‘दुसऱ्याला दिलं’ ही थाप वॉचमनकडे चौकशी केली की उघडी पडते. कारण असे हवे, की ज्यावर घासाघीस होऊच शकत नाही. तुमच्याकडे ते आयतेच आहे: करार ३१ मार्चपर्यंत आहे आणि तो मधेच मोडायचा नाही. मात्र त्याआधी करार काढून एकदा वाचा. मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होते का, आणि बंद करायचा तर किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे पाहा. समजा दोन महिन्यांची नोटीस आहे. म्हणजे निर्णय जानेवारीअखेर व्हायला हवा आणि नवी कोटेशने डिसेंबरातच हातात हवीत. त्याला परत कधी बोलवायचे ती तारीख इथून निघते. ‘पुढे कधीतरी बघू’ ही तारीख नव्हे.

आता फोन करून, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवा:

‘नमस्कार. तुमचे कोटेशन कमिटीने पाहिले. आमचा सध्याचा करार ३१ मार्चपर्यंत आहे, त्यामुळे या वर्षी काम देता येणार नाही. हा निर्णय पक्का आहे. पुढच्या वर्षासाठी १ ते १५ डिसेंबरदरम्यान नवे कोटेशन पाठवा. इतरांबरोबर तेही कमिटीपुढे ठेवू. तोवर फोन करू नये, ही विनंती.’

‘कमिटीने पाहिले’ हे खरे असू द्या. नसेल तर आधी दाखवा. आणि लक्षात घ्या, यात काम देण्याचे वचन नाही, फक्त कोटेशन पाहण्याचे आहे. याहून जास्त कबूल करू नका. जुन्या कंपनीचा दरही सांगू नका. तो कळला, की नवे कोटेशन त्याच्या जेमतेम खाली येऊन थांबते.

एवढ्यावर तो म्हणेल, ‘ठीक आहे साहेब, निदान लिफ्टची मोफत तपासणी करून देतो.’ इथे बरेच सचिव फसतात. फुकट आहे, काय बिघडते? बिघडते असे, की त्याच्या मेकॅनिकने कंट्रोल पॅनल उघडले आणि आठवड्याने लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकली, तर जुनी कंपनी ‘बाहेरच्या माणसाने हात लावला’ म्हणून अंग काढून घेऊ शकते. तपासणी डिसेंबरात, आणि तीही जुन्या कंपनीला कळवूनच.

तरीही फोन आला, तर नव्याने समजावत बसू नका. तोच मेसेज पुन्हा पाठवा. नंतरही थांबला नाही तर त्याच्या वरिष्ठांना कळवा. करार होण्याआधी जो लेखी विनंती मानत नाही, तो लिफ्ट बंद पडल्यावर किती ऐकेल, याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळाला.

डिसेंबरातले कोटेशन मागवताना दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न लेखी विचारा: दोर, दाराचे सेन्सर आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेची बॅटरी, यांचा खर्च करारात धरला आहे का? ‘सर्वसमावेशक’ म्हणवणाऱ्या करारांतूनही बॅटरी पुष्कळदा वगळलेली असते. शिवाय दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, तेही लिहून घ्या. आज ‘बरा’ वाटणारा दर कदाचित त्यामुळेच बरा असेल.

आणि हा मेसेज कमिटीच्या ग्रुपवरही टाका. नाहीतर तुम्ही पाठवलेला नकार खजिनदारांच्या ‘या की एकदा, चहा घेऊ’ने त्याच संध्याकाळी रद्द होईल.