थायरॉईडचे दोन रकाने : वॉर्डातले अनुभवाचे बोल

मेडिसिन वॉर्डात नव्याने आलेल्या विद्यार्थिनींना हायपो आणि हायपर यांची लक्षणं तोंडपाठ असतात, पण रुग्णासमोर उभं राहिल्यावर दोन्हींची सरमिसळ होते. थकवा दोन्हीकडे, केस गळणं दोन्हीकडे, पाळीची तक्रारही दोन्हीकडे. म्हणून इतकी वर्षं काम करताना जे उपयोगी पडलं, ते क्रमाने मांडते.

१. रिपोर्ट वाचताना टीएसएचची दिशा आधी समजून घ्या.

टीएसएच वाढलेला दिसला की घरचे म्हणतात, “थायरॉईड वाढलाय.” खरं तर ते उलट असतं. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी ‘काम वाढव’ असा सांगावा धाडते आणि टीएसएच चढतो. हार्मोन जास्त झालं की सांगावा थांबतो आणि टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून सर्वसाधारणपणे टीएसएच जास्त आणि फ्री टी-फोर कमी असेल तर हायपो, आणि टीएसएच अगदी कमी पण फ्री टी-फोर जास्त असेल तर हायपर. रुग्णाच्या नातेवाइकांना हे एकदा नीट समजावलं की पुढचा गोंधळ वाचतो.

२. नाडी झोपेतही मोजा.

तिशीतली एक बाई आमच्याकडे दाखल झाली होती. छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरतात, भरपूर जेवूनही काही महिन्यांत आठ-नऊ किलो वजन उतरलेलं. बाहेर कुणीतरी ‘टेन्शन’ म्हणून झोपेची गोळी दिली होती. दिवसा नाडी ११६ होती. पहाटे तीनच्या सुमारास ती गाढ झोपेत असताना मनगट हळूच धरून पूर्ण मिनिटभर मोजली, तरी १०२. नुसत्या काळजीने वाढलेली नाडी झोप लागल्यावर उतरते, हायपरमध्ये ती झोपेतही फारशी उतरत नाही. सकाळी तिला हात समोर ताणायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागदाची बारीक थरथर लांबूनही दिसत होती. या दोन्ही गोष्टी मी राउंडला डॉक्टरांना सांगितल्या. तपासणीत टीएसएच अगदी तळाला गेलेला निघाला आणि निदान ग्रेव्हज डिसीज झालं.

वयस्कर माणसांत मात्र हायपर असा उघड दिसेलच असं नाही. कधी नुसता थकवा, खालावलेलं वजन आणि अनियमित नाडी, एवढंच हाती लागतं.

३. तक्ता पाठ करू नका, खाटेशी उभं राहून वाचा.

| मुद्दा | हायपोथायरॉइडिझम | हायपरथायरॉइडिझम |
|---|---|---|
| वजन | भूक बेताची, तरी वाढतं | भूक जास्त, तरी घटतं |
| नाडी | मंद | जलद, कधी अनियमित |
| तापमान | थंडी सोसत नाही | उकाडा सोसत नाही, घाम येतो |
| शौच | बद्धकोष्ठ | वारंवार, पातळ |
| त्वचा, चेहरा | कोरडी त्वचा, सुजरा चेहरा | ओलसर, गरम त्वचा. ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर आल्यासारखे |
| मन | सुस्ती, विसराळूपणा, उदासी | चिडचिड, अस्वस्थता, झोप कमी |
| पाळी | बहुधा जास्त रक्तस्राव | बहुधा कमी किंवा लांबलेली |
| उपचार | लेव्होथायरॉक्सिन | कार्बिमाझोल, प्रोप्रॅनोलॉल. गरजेनुसार रेडिओआयोडिन किंवा शस्त्रक्रिया |
| शुश्रूषा | ऊबदार पांघरूण, चोथायुक्त आहार, पुरेसं पाणी, कामात विसावा, झोपेच्या औषधांबाबत सावधगिरी | थंड, शांत खोली, जास्त उष्मांकाचा आहार, रोज वजन, डोळ्यांत थेंब, उशी उंच |
| धोक्याची खूण | गुंगी, अंग गार, श्वास मंद | जास्त ताप, बेभान बडबड, नाडी १४० च्या वर |

शेवटच्या ओळीत जीव अडकलेला असतो, आणि तिथे घरगुती मदत अंगाशी येते. गार पडलेल्या हायपोच्या रुग्णाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम पसरून रक्तदाब कोसळू शकतो. पांघरुणं घालून सावकाश ऊब द्यायची. उलट हायपरच्या तापात पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नाही. ॲस्पिरिनमुळे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं हार्मोन सुटं होऊन आणखी भर पडते.

४. डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतात ते विचारा.

साठ किलोच्या आसपास वजनाच्या एक काकू १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या. पूर्ण डोसचा ढोबळ हिशेब किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळी पुरेशी होती. तरी टीएसएच १८ वर अडलेला. मी विचारलं, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय घेता, क्रमाने सांगा.” त्या म्हणाल्या, “गोळी चहाबरोबर, मग लगेच पोहे आणि हाडांची गोळी.” अडचण तिथेच सापडली. दूध, कॅल्शियम आणि लोह या औषधाचं शोषण कमी करतात.

गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. काकूंची कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर ढकलली. डोस तोच ठेवून डॉक्टरांनी दोन महिन्यांनी तपासणी केली, तर टीएसएच ३ वर आला होता. सहा ते आठ आठवड्यांआधी तपासून उपयोग नसतो, कारण नवा समतोल बसायला तेवढा वेळ लागतो. म्हाताऱ्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला मात्र पूर्ण डोस एकदम देत नाहीत. १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. छातीत दुखलं तर लगेच कळवायचं, हे त्यांना बजावावं लागतं.

५. कार्बिमाझोल चालू असेल तर घसादुखीला साधी समजू नका.

हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवतं. म्हणून ताप आणि घसादुखी एकत्र आली तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्यायची. कावीळ दिसली तरीही तसंच. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते : धडधड प्रोप्रॅनोलॉलने लवकर थांबते, पण हार्मोन उतरायला आठवडे लागतात, कारण ग्रंथीत आधी तयार झालेला साठा संपावा लागतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण इथेच फसतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

६. रुग्ण एका रकान्यातून दुसऱ्यात जातो, याची आठवण ठेवा.

वरच्या ग्रेव्हजच्या बाईने पुढे रेडिओआयोडिन घेतलं. काही महिन्यांनी ती परत आली. “सिस्टर, जुना आजार उलटलाय. घरी उरलेल्या गोळ्या सुरू करू का?” तक्रार थकव्याची होती, पण नाडी ५८, चेहरा सुजरा, शौचाला कडक. आजार उलटला नव्हता. ग्रंथी निकामी होऊन ती हायपोकडे गेली होती, आणि रेडिओआयोडिननंतर हे बहुतेकांना होतं. कार्बिमाझोल घेतलं असतं तर आणखी बिघडलं असतं. अशा वेळी नुसता टीएसएच फसवू शकतो, कारण तो काही काळ दबलेलाच राहतो. फ्री टी-फोर बरोबर बघावा लागतो.

म्हणून रेडिओआयोडिननंतर घरी सोडताना मी कागदावर तीन गोष्टी ठळक लिहून देते : दर आठवड्याचं वजन, सकाळची नाडी आणि शौचाचा बदल. या तिन्ही उलट्या दिशेने जाऊ लागल्या, की तपासणीच्या तारखेची वाट न बघता यायचं, आणि जुन्या गोळ्यांची बाटली सोबत आणायची.