मायनरमधला निषाद चढवण्याची कृती

पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, वसई-विरारमधले कुठलेही चर्च घ्या, डिसेंबरच्या तालमींत गायनवृंदासमोर कधी ना कधी मायनरमधले एखादे गीत येते आणि कीबोर्डवाला एका विशिष्ट जागी अडखळतो. कॉर्ड बरोबर वाटते, सूरही बरोबर वाटतो, पण दोन्ही एकत्र वाजले की घासतात. ही कृती त्या जागेसाठी आहे. उदाहरणाला ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ हे नाताळगीत घेऊ. त्याचे शब्द विल्यम डिक्स यांनी १८६५मध्ये लिहिले, पण चाल ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची, आणि या नावाच्या गीताची नोंद निदान १५८०पासून सापडते. मायनर स्केलचे तिन्ही प्रकार या एकाच चालीत सापडतात, म्हणून मला शिकवायला ती सर्वांत सोयीची वाटते.

कीबोर्ड किंवा पेटी, दोन्ही चालतील. पट्ट्यांची नावे पेटीवाल्यांचीच ठेवतो, म्हणजे पांढरी एक हा सी, पांढरी सहा हा ए आणि काळी चार हा जी शार्प. सा पांढरी सहावर धरायचा.

आधी पांढरी सहापासून वरच्या पांढरी सहापर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवा. हा नॅचरल मायनर. सरगममध्ये म्हणायचे तर गंधार, धैवत आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. शेवटच्या दोन स्वरांवर थांबून ऐका. पांढरी पाच आणि पांढरी सहा यांच्यामध्ये एक काळी पट्टी आहे, म्हणजे निषादापासून षड्ज पूर्ण एक स्वर दूर आहे. आता पांढरी पाचऐवजी काळी चार दाबा आणि मग सहा. अंतर अर्ध्यावर आले आणि काळी चारवर बोट ठेवून थांबलात तर कान पुढच्या पट्टीची वाट पाहू लागतो. षड्जाकडे असे खेचणाऱ्या स्वराला लीडिंग टोन म्हणतात.

ज्याने जौनपुरी किंवा दरबारी ऐकला आहे तो इथे योग्य हरकत घेईल की कोमल निषादावरून षड्जावर येण्यात काहीच उणे वाटत नाही. खरेच वाटत नाही, कारण रागात तानपुऱ्यावर षड्ज सतत चालू असतो. घर कुठे आहे ते क्षणभरही विसरले जात नाही, त्यामुळे तिकडे बोट दाखवावे लागत नाही. कॉर्डच्या संगीतात खालचा आधार वारंवार बदलतो. षड्ज वाजेनासा होतो, दुसऱ्याच कॉर्ड येतात, आणि परत यायचे असेल तेव्हा आधीच्या कॉर्डनेच ‘आता घर आले’ हे सांगावे लागते. शुद्ध निषादाची गरज स्केलमधून आलेली नाही, ती या कॉर्डमधून आली आहे. म्हणून पुढची पायरी कॉर्ड वाजवूनच करायची.

डाव्या हाताने पांढरी तीन, पाच आणि सात एकत्र दाबा, मग सहा, एक आणि तीन. ही ई मायनरवरून ए मायनरवर येण्याची चाल. ती गोड आहे, पण वाक्य संपल्यासारखे वाटत नाही, पुढे काहीतरी येणार असे वाटते. आता पहिल्या कॉर्डमधली पांढरी पाच तेवढी काढून काळी चार घ्या, म्हणजे ई मेजर झाली, आणि पुन्हा ए मायनरवर या. फरक लगेच कळेल. ई मायनरमध्येही पांढरी सातवरून वरच्या पांढरी एकवर जाताना अर्धा स्वर आहेच, पण ती वाट गंधाराकडे जाते, षड्जाकडे नाही. षड्जाला चिकटून उभा राहणारा स्वर काळी चार आल्यावरच मिळतो.

खेच आणखी वाढवायची असेल तर ई मेजरमध्ये वर पांढरी दोन मिळवा, म्हणजे ई सेव्हन. काळी चार आणि पांढरी दोन यांच्यात सहा अर्धस्वरांचे अस्थिर अंतर आहे. काळी चार अर्धा स्वर वर पांढरी सहावर जाते, पांढरी दोन एक स्वर खाली पांढरी एकवर येते, आणि दोघी ए मायनरमध्ये मिसळतात. काळी चारऐवजी पांढरी पाच ठेवलीत तर हे अंतर तयारच होत नाही.

आता स्केलमध्ये हा एकच स्वर बदलून पुन्हा वाजवा: पांढऱ्या पट्ट्या, फक्त निषादाच्या जागी काळी चार. हा हार्मोनिक मायनर. आपल्याकडे किरवाणीचे स्वर हेच. कॉर्ड बांधायला ही सामग्री उत्तम आहे, पण गायला दिली की अडचण दिसते. पांढरी चारवरून काळी चारवर जाताना तीन अर्धस्वरांची उडी येते. वाद्यावर ती रंगतदार लागते. गायनवृंदात मात्र चौघे चौघांच्या परीने ती कमी-जास्त मारतात आणि सूर फाटतो. म्हणून षड्जाकडे चढताना धैवतही चढवायचा: पांढरी चारऐवजी काळी तीन, मग काळी चार, मग सहा. उतरताना षड्ज मागे राहिला, खेच नको, म्हणून पाच आणि चार या पांढऱ्या पट्ट्या परत येतात. चढताना एक आणि उतरताना दुसरा असा हा मेलोडिक मायनर.

परीक्षेच्या पुस्तकांत तो असाच पाठ करवतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. विद्यार्थी समजतो की वर जाताना शार्प आणि खाली येताना नाही. प्रत्यक्ष गाण्यात दिशेपेक्षा खाली कोणती कॉर्ड आहे हे निर्णायक असते. आपल्या नाताळगीताच्या पहिल्या भागात हे बघा.

पहिली ओळ ए मायनरवर सुरू होते, पांढरी तीनवर पोहोचते, काळी तीनला स्पर्श करून परत येते आणि खाली पांढरी पाचपर्यंत उतरते. काही पुस्तकांत त्या स्पर्शाला पांढरी चार छापलेली असते, तीही चालते. पण पांढरी पाच बदलायची नाही, कारण तिच्याखाली जी मेजर आहे आणि तो स्वर त्या कॉर्डचा पायाच आहे. इथे उत्साहाने काळी चार वाजवलीत तर डाव्या हातातला जी आणि उजव्यातला जी शार्प एकमेकांना कापतील. पुढे ओळ अर्ध्यावर थांबते तिथे पांढरी सहा, काळी चार, पुन्हा सहा, मग सात, काळी चार आणि खाली पांढरी तीन असे स्वर येतात. या थांब्यावर कॉर्ड ई मेजर आहे. डावा हात सवयीने पांढरी पाच धरून बसला असेल तर घासल्याचा आवाज इथेच ऐकू येतो.

दुसऱ्या ओळीचा शेवट सर्वांत शिकवणारा आहे. पांढरी एक, सात, सहा आल्यावर काळी चार, काळी तीन, पुन्हा काळी चार आणि शेवटी सहा. मधल्या पावलाला सूर खाली उतरतो आहे, तरी धैवत कोमल झालेला नाही. कारण ई मेजर अजून चालू आहे, वाक्य षड्जावर टेकलेले नाही, आणि दोन्ही बाजूंना काळी चार असताना पांढरी चार घेतली तर तीच अवघड उडी पुन्हा येते. करून पाहा: त्या मात्रेत पांढरी चार वाजवा, चाल क्षणात किरवाणीकडे सरकते.

स्टाफ नोटेशन वाचणाऱ्यांसाठी याच मापात एक सापळा आहे. ए मायनर आणि सी मेजर यांची सुरुवातीची खूण एकच, म्हणजे काहीच शार्प नाहीत. चढवलेला निषाद त्या त्या जागी चिन्ह देऊन लिहितात. ते चिन्ह त्या मापाच्या रेषेपर्यंत लागू राहते. म्हणून या मापातल्या पहिल्या जीपुढे शार्प छापलेला असतो, दुसऱ्यापुढे बहुधा नसतो, आणि घाईत वाचणारा दुसरा जी साधा वाजवतो. पेन्सिलने तिथे शार्प लिहून टाकावा. उलट, पुढच्या मापात चिन्ह नसेल तर स्वर आपोआप पूर्ववत होतो.

छापील चिन्हावर सगळे सोपवण्याची सवय तशी नवी आहे. पोर्तुगीज वसईत आले १५३४मध्ये, आणि त्या काळात युरोपातले गायक वाक्याच्या शेवटी निषाद कागदावर न लिहिताही चढवत. या न लिहिलेल्या बदलांना म्युझिका फिक्टा म्हणत. आवाज वर-खाली चालत थांब्यापाशी आले की कोणता स्वर चढवायचा हे गाणाऱ्याने ओळखायचे असे. चार आवाजांच्या गटाला मी आजही आधी चिन्हे झाकून हेच ओळखायला लावीन.

आवाज बसवताना दोन गोष्टी तपासा. चारपैकी एकाच आवाजाला काळी चार द्या. दोघांना दिलीत तर दोघांनाही षड्जावरच जावे लागते, आवाज एकमेकांत विरतात आणि चौथ्याची जागा रिकामी वाटते. दुसरी तपासणी सुराची. शुद्ध निषाद गायक बहुतेक वेळा खाली लावतात, आणि तो खाली लागला की त्याच्यामागे येणारा षड्जही खाली घसरतो. हे कळायचे तर शेवटचा सूर वाद्याशिवाय गाऊन घ्या आणि तो संपता संपता पांढरी सहा दाबा. वाद्य चढे वाटले तर निषाद ढिला आहे. मग पट्टी चालू ठेवून त्या आवाजाकडून फक्त सहा, काळी चार, सहा असे म्हणवून घ्या. वरून अर्धा स्वर उतरून परत येणे हे खालून शोधत जाण्यापेक्षा कानाला सोपे पडते.

शेवटची पायरी पट्टी बदलण्याची, कारण ए मायनरमध्ये या गीताचे धृपद वरच्या पांढरी पाचवर सुरू होते आणि ते भाविकांना चढे पडते. ई मायनर सोयीची. कीबोर्डचे ट्रान्सपोज बटण पाच अर्धस्वर खाली नेले तर बोटे जागची हलत नाहीत, पण सोबत व्हायोलिन किंवा गिटार असेल तर त्यांना खरी नावे सांगावी लागतात. सा आता पांढरी तीनवर. तिच्या अर्धा स्वर खाली काळी दोन, तो चढवलेला निषाद. चढवलेला धैवत काळी एकवर. जी मेजरच्या जागी डी मेजर येते, तिथे निषाद साधाच राहतो, म्हणजे पांढरी दोन. आणि ई मेजर होती तिथे बी मेजर: पांढरी सात, काळी दोन, काळी तीन. गिटारवाल्याच्या कागदावर या जागी बी मायनर लिहिलेली दिसली तर तालीम सुरू करण्यापूर्वी ती खोडून बी मेजर करून घ्या.