कोडर घेताय? कोडं घालू नका, शेजारी बसवून काम बघा

समजा, किल्लारीत तुमचं आडत दुकान आहे. सोयाबीनच्या पट्ट्या काढणारं सॉफ्टवेअर सांभाळायला तुम्हाला एक कोडर ठेवायचाय. मुलाखतीत काय विचाराल? 'मॅनहोलचं झाकण गोल का असतं' असली कोडी? गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्येच सांगून टाकलं होतं, की अशा कोड्यांवरून माणूस कामात कसा निघेल हे काहीच कळत नाही.

मग करायचं काय? एक तास काढा. तुम्हाला कोड येत नसेल, तर ओळखीच्या अनुभवी प्रोग्रामरला त्या तासाचे पैसे देऊन बोलवा. तुम्हीही बाजूला बसा.

पहिली 20 मिनिटं: कोड तपासायला द्या. मुद्दाम चूक ठेवलेला छोटा तुकडा द्या:

```python
def patti(kilo, bhav):
    return (kilo // 100) * bhav
```

भाव क्विंटलचा आहे. 1,200 किलो आणि 4,400 रुपये भाव टाकला, तर उत्तर 52,800 येतं. अगदी बरोबर! कच्चा उमेदवार इथंच 'चालतंय की' म्हणतो. पण 1,275 किलो टाकून बघा. उत्तर तेच, 52,800. खरे व्हायला हवेत 56,100. `//` हे चिन्ह भागाकारातला अपूर्णांक सोडून देतं, म्हणून वरच्या 75 किलोंचे 3,300 रुपये गायब. शेतकरी पट्टी घेऊन दारात उभा राहील तो तुमच्याच!

चांगला उमेदवार गोल आकड्यावर थांबत नाही, अडचणीचा आकडा स्वतःहून टाकून बघतो. काही जण नावं आणि मोकळ्या जागाच सुधारत बसतात. पैशाची चूक आधी कोण पकडतो, ते लिहून ठेवा.

पुढची 40 मिनिटं: जोडीनं कोड लिहा. सांगा, 'आता यातून हमाली वजा करायची.' एवढंच सांगून थांबा. 'हमाली कट्ट्यामागं की क्विंटलमागं?' असं त्यानं विचारलं, तर तो तुमचा धंदा समजून घेतोय. न विचारता लिहीत सुटला, तर उद्या अंदाजानंच काम करणार. अर्ध्या वेळानंतर कीबोर्ड प्रोग्रामरकडे द्या, उमेदवारानं बाजूला बसून सांगायचं. चूक दाखवल्यावर तो चिडतो, गप्प बसतो की 'थांबा, बघू' म्हणतो, तेही दिसतं.

तीन गोष्टी सांभाळा. सगळ्या उमेदवारांना एकच काम द्या, नाहीतर तुलना होत नाही. शेजारी कुणी बसलं की काही जण घाबरतात, म्हणून पहिली पाच मिनिटं सोडून द्या आणि गुगल बघायला मोकळीक ठेवा. आणि परीक्षेच्या नावाखाली दुकानाचं खरं काम फुकटात करून घेऊ नका.

एका तासात सगळं कळत नाही. महिनाभर टिकून काम करेल का, हे यातून दिसणार नाही. त्यासाठी आधीच्या मालकाला एक फोन कराच.