कपोताचे जाळे आणि कोळ्याचे जाळे

दत्तजयंतीच्या आधीच्या सप्ताहात आमच्याकडे रोजचे गुरुचरित्राचे वाचन आटोपले की चहा होतो आणि चहाबरोबर थोडी चर्चा होते. मागच्या सप्ताहात मंडळातल्या एका ज्येष्ठांनी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, एक प्रश्न टाकला. "एक दिवस तुम्ही सांगता, संसार हे जाळं आहे, यातून सुटा. दुसऱ्या दिवशी सांगता, ही सगळी देवाची लीला आहे. आता लीला असंल तर सुटायचं कशापासून? आणि जाळं असंल, तर देवानं ते विणलंच कशाला?"

आप्पांचा कर्ता मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. हे सर्वांना ठाऊक असल्याने लगेच कोणी बोलले नाही. मीही त्या दिवशी विषय बदलला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून पुढचे काही महिने भागवताचा एकादश स्कंध आणि त्यावरची नाथांची टीका पुन्हा सावकाश वाचली. त्यातून जे हाती लागले ते या अंकात मांडतो.

एकादश स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजा आणि एक अवधूत यांचा संवाद आहे. मूळ ग्रंथात त्यांना फक्त अवधूत म्हटले आहे. आपल्या परंपरेत ते श्रीदत्तात्रेयच. राजा विचारतो, सगळे जग कामलोभाच्या वणव्यात होरपळत असताना तुम्ही गंगेत उभ्या असलेल्या हत्तीसारखे गार कसे? त्यावर अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. ही यादी पुष्कळांना पाठ असते. पण त्यातल्या दोन गुरूंपाशी जाळे आहे, हे सहसा कोणी शेजारी-शेजारी ठेवून पाहात नाही. आठवा गुरू कपोत, म्हणजे पारवा. तेविसावा गुरू कोळी.

कपोताची गोष्ट कीर्तनात नेहमी येते. झाडावर घरटे, नर-मादीची एकमेकांवर अतोनात माया, मग पिल्ले. दोघे चारा आणायला गेलेले असताना पारधी पिल्लांना जाळ्यात धरतो. मादी येते, पिल्लांचा आक्रोश ऐकून स्वतःच जाळ्यात झेप घेते. शेवटी नर येतो. जाळे त्याला स्पष्ट दिसते आहे. आपले सगळे घर त्यात तडफडते आहे तेही दिसते आहे. तरीही तो आत उडी घेतो. पारध्याचे काम फत्ते, तो सगळ्यांना उचलून घरी जातो. ही गोष्ट ऐकली की प्रपंची माणूस मान खाली घालतो. त्याला वाटते, बायकापोरांवर माया केली हाच आपला गुन्हा. पण अवधूत काय सांगतात ते नीट पाहावे. ते स्नेहाच्या आधी 'अति' हा शब्द लावतात. घरटे बांधणे, चारा आणणे, पिल्लांच्या बोलांनी सुखावणे याला त्यांनी कोठेही दोष दिलेला नाही. दोष दिला आहे तो नराच्या शेवटच्या उडीला. घर गेले म्हणजे मीही उरलो नाही, असे त्याने मानले. त्या जाळ्याचा मालक पारधी होता. ते पक्ष्यांच्या बाहेरून आलेले होते.

आता कोळी पाहा. अवधूत म्हणतात, कोळी आपल्याच आतून धागा काढतो, तो पसरतो, त्यात विहार करतो आणि मग तो धागा पुन्हा गिळून टाकतो. महेश्वरही या विश्वाचे असेच करतो. (मूळात धागा तोंडातून येतो असे आहे. खरा कोळी तो पोटाच्या मागच्या टोकाकडून काढतो. गिळतो मात्र खरोखर तोंडानेच, आणि त्यातून नवा धागा तयार करतो.) या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, विश्वासाठी माल बाहेरून आणलेला नाही. कुंभार माती आणतो, सुतार लाकूड आणतो, कोळी काहीच आणत नाही. दुसरी, धागा काढणे आणि गिळणे यांच्यामध्ये अवधूतांनी जी क्रिया घातली आहे ती आहे विहार करण्याची, खेळण्याची. भक्ष्य पकडण्याचा उल्लेख तेथे नाही, हे मला फार विलक्षण वाटते. कोळ्याचे जाळे म्हटले की आपल्याला आधी माशी आठवते. अवधूतांना खेळ आठवला. तिसरी गोष्ट, कोळी स्वतःच्या जाळ्यात अडकत नाही. कोणते धागे चिकट आहेत आणि कोणते कोरडे, हे त्याच्या पायांना माहीत असते.

म्हणजे आप्पांच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू एकाच अवधूताच्या तोंडच्या आहेत. जाळे पारध्याचे समजले तर त्यात मरण आहे. तेच जाळे विणणाऱ्याच्या आतून आले आहे असे दिसले, तर तो त्याचा विहार आहे.

पण विहार कशासाठी? ही शंका जुनी आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ती अशी मांडली आहे की, देवाला काहीच कमी नाही, मग त्याला जग करण्याची गरज काय? गरज असेल तर तो पूर्ण नाही. गरज नसेल तर त्याची ही कृती वेड्याची ठरते. सूत्रकारांचे उत्तर, लोकांत दिसते तशी ही केवळ लीला आहे. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. सगळे काही मिळालेला राजा किंवा त्याचा अमात्य खेळतो, त्यातून त्याला काही कमवायचे नसते. आणि श्वास आपण कोणत्या हेतूने घेतो? तो आपोआप चालतो.

राजाचा खेळ आपण पाहिलेला नाही, पण आपल्या भागात यापेक्षा जवळचा दाखला दरवर्षी चालत येतो. तुकोबारायांच्या पालखीचा बारामतीचा मुक्काम हलला की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती पळवतात. पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण, नंतर इंदापूरलाही. बेलवाडीच्या मैदानात काय होते ते आठवा. मधोमध पालखी, भोवती रिंगणाची मोकळी वाट, तिच्या कडेला माणसांचा वेढा. आधी पताकावाले पळतात, मग डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, मग विणेकरी, शेवटी अश्व. एका अश्वावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कोणी दिसत नाही. तेथे महाराज बसलेले आहेत असा भाव. अश्व जेथून निघाले तेथेच येऊन थांबतात. काही जिंकायचे नसते, कोठे पोहोचायचे नसते. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, मग फुगड्या आणि पावल्या सुरू होतात. साठी ओलांडलेला माणूस गुडघे विसरून नाचतो. त्याला विचारा, "काका, यातून मिळालं काय?" तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनेच पाहील. आणि तरी या खेळात शिस्त केवढी! कोणी मध्ये घुसला तर टापेखाली सापडेल. हेतू नाही म्हणजे नियम नाही, असा अर्थ लीलेतून काढू नये.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण 'सगळी लीला' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. भावाच्या हिश्शाची जमीन दाबायची आणि म्हणायचे देवाची लीला. अवधूतांनी ही पळवाट आधीच बंद केली आहे. त्यांचा एकोणिसावा गुरू लहान बालक. ते म्हणतात, मला मान-अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, मी बालकासारखा स्वतःतच खेळतो. पण लगेच पुढे सांगतात की निश्चिंत दोघेच असतात, एक काही न कळणारे बाळ आणि दुसरा गुणांच्या पलीकडे गेलेला. आपण मधले. आपल्याला हिशोब कळतो, म्हणून तो चुकवण्याची जबाबदारीही आपली.

ब्रह्मसूत्रांतही लीलेच्या सूत्राला लागूनच पुढचे सूत्र येते ते याच अडचणीवर. खेळच असेल तर एकाला सुख आणि एकाला दुःख देणारा देव पक्षपाती आणि निर्दय नाही का? उत्तर दिले आहे की ही विषमता जीवांच्या कर्माला धरून आहे. देव पावसासारखा. पाऊस सगळीकडे सारखा पडतो, बी जसे तसे उगवते. शास्त्र म्हणून हे उत्तर सुसंगत आहे. पण पोराच्या मरणाने खचलेल्या बापाला जाऊन 'कर्म' म्हणून सांगणे मला आजवर जमलेले नाही, आणि जमू नये असेच वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे लीला हा शब्द ज्याने त्याने स्वतःच्या दुःखाकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तो ठेवला की त्याचा दगड होतो.

गुरुचरित्रातच पाहा. तिसाव्या अध्यायात माहूरची सावित्री आजारी पतीला घेऊन गाणगापुरास येते आणि तेथे पोहोचताच तो जातो. ती आक्रोश करते. एक तपस्वी येऊन तिला देहाचे क्षणभंगुरत्व समजावतो. शब्द खरे आहेत, तरी कथा त्या शब्दांवर संपत नाही. पुढे बत्तिसाव्या अध्यायात श्रीगुरूंच्या कृपेने तिचा पती उठतो. सगळ्यांचे गेलेले माणूस परत येत नाही हे आपणही जाणतो, ग्रंथकारही जाणत होते. पण रडणाऱ्या बाईपुढे नुसते तत्त्वज्ञान ठेवून कथेने तिला परत पाठवले नाही, एवढे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आणि आपल्या बारामतीचे मोरोपंत? १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ, आयुष्याचा मोठा भाग कऱ्हेकाठी गेला. रामायणे, महाभारत, भागवत सगळे आर्येत घोळवलेला हा पंडित. लीला म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी उतारवयात 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराची हाक. 'मोर' नावाच्या माणसाने मेघरूपी देवाला मारलेल्या हाका. त्यात विनवणी आहे, आर्जव आहे, देवाशी चक्क वादही आहे. सगळे मिथ्या मानले असते तर हाक मारायची कोणाला आणि मारायची कोणी? लीला मानली म्हणून खेळणारा समोर आहे, आणि समोर आहे म्हणून त्याच्याशी भांडता येते. भक्तांनी लीलेची वाट धरली याचे कारण मला येथे दिसते. तीत रडायला जागा आहे.

हे सगळे मी आप्पांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. कपोताचा भाग ऐकताना ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी उडी घ्यायची नव्हती, एवढंच ना? सूनबाई आहे, नातू आहे. घेतली नाही मी." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मोरोपंत भांडले म्हणता देवाशी. मग मी भांडलो तर चालंल?"

मी चालेल म्हणालो. आषाढीच्या वारीत पालखी आली तेव्हा ते नातवाला खांद्यावर घेऊन बेलवाडीच्या रिंगणात उभे होते. अश्व गेल्यावर पोराने माती उचलली, आणि आधी आजोबांच्या कपाळाला लावली.