हप्ते फिटले, आता बोजा उतरवू

समजा, बदनापूरच्या एका गड्याने कर्ज काढून फटफटी घेतली. सारे हप्ते फिटले. पुढे गाडी विकायला काढली, तर आर.सी. बुकात बँकेचे नाव तसेच! घेणारा मागे फिरला. हप्ते फिटले तरी हे नाव उतरवून घ्यावे लागते.

आपण आधी बँकेला असा अर्ज लिहू:

"माझा कर्ज खाते नंबर अमुक. गाडी नंबर एम.एच. २१ अमुक. कर्ज पूर्ण फिटले आहे. कर्ज फिटल्याचा दाखला, ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ दोन प्रतींत द्यावा."

नकलेवर तारखेसह पोच घेऊ. कागद मिळाले की गाडीचा व चासीचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहू. एक आकडा चुकला तरी काम अडते.

नमुना ३५ वर आपलीही सही लागते. मग हे कागद, आर.सी. बुक आणि विमा घेऊन जालन्याच्या आर.टी.ओ. कचेरीत फी भरायची. ना-हरकत पत्राला बहुधा मुदत असते. ते पेटीत पडू देऊ नये.

बँक टाळते काय? १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरगुती गाडीचे कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने कागद द्यावेत. उशीर तिच्यामुळे झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दिवस कर्ज फिटल्यापासून मोजतात. म्हणून शेवटच्या हप्त्याची पावती जपायची.